क्लास, घरी येणारे सर की घरचा अभ्यास? आधी तपासलेला पेपर उघडा

प्रश्न: माझी मुलगी मराठी माध्यमात आहे, जूनमध्ये दहावीला जाईल. नववीच्या वार्षिकला बीजगणितात ४० पैकी ३१ पडले, पण भूमितीत २२च. शाळेने पेपर बघायला दिला तेव्हा फोटो काढले, ते सोबत पाठवते. इथल्या क्लासने गणित-विज्ञानाचे २४ हजार अधिक जीएसटी सांगितले. आठवड्याला पाच दिवस दीड-दीड तास, बॅचला ४५ मुलं. घरी येणारे एक सर तासाला ४०० मागतात, तीन दिवस येईन म्हणतात. माझा भाऊ म्हणतो, पुस्तक आहे, यूट्यूब आहे, पोरगी हुशार आहे, पैसे कशाला घालवता? हे कारखान्यात पाळीवर जातात. मी घरीच शिलाई करते, मला गणित सातवीपलीकडचं येत नाही. काय करू?
— एक आई, कराड

ताई, पेपरचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. क्लासचं माहितीपत्रक आणि सरांची ख्याती यांतून जे कळत नाही, ते या चार पानांतून कळतं. भूमितीत गेलेले १८ गुण कुठे कुठे गेले ते आधी पाहू, म्हणजे पैसे कशावर घालायचे याचा निम्मा निकाल तिथेच लागेल.

पाच गुण गेले कारण तिला ते आलंच नाही. निर्देशक भूमितीचा दोन गुणांचा प्रश्न आणि त्रिकोणमितीचा तीन गुणांचा, दोन्ही जागा कोऱ्या आहेत. तीन गुण शंकूच्या वक्रपृष्ठफळाच्या गणितात गेले. प्रश्नात व्यास १४ सेमी दिला होता आणि तिरकस उंची २५. तिने त्रिज्या ७ घेण्याऐवजी १४च घेतली, त्यामुळे ५५० चौसेमीच्या जागी ११०० आले. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, घेतलेली संख्या चूक.

उरलेले दहा गुण मात्र वेगळे आहेत. तिथे तिला काही येत नव्हतं असंही नाही आणि हिशेब चुकला असंही नाही. दोन सिद्धतांमध्ये मिळून पाच गुण गेले, कोन काढण्याच्या प्रश्नांत कारणं न लिहिल्यामुळे तीन आणि रचनेत दोन. रचनेचा त्रिकोण मापाला अगदी बरोबर आहे. पण कच्ची आकृती काढलेली नाही आणि कंपासचे कंस खोडून पान स्वच्छ केलंय. भूमितीत ते कंस हाच पुरावा असतो, ते खोडले की त्रिकोण पट्टीने अंदाजे काढला की रचनेने, हे तपासणाऱ्याला कळत नाही.

दोन सिद्धतांपैकी एक जवळून बघण्यासारखी आहे. वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे सिद्ध करायचं होतं. केंद्र O, जीवा AB, लंबाचा पाय P. तिने पक्ष, साध्य, रचना व्यवस्थित लिहिलं आणि पुढे असं लिहिलं:

∆OPA आणि ∆OPB मध्ये,
बाजू OA ≅ बाजू OB … (एकाच वर्तुळाच्या त्रिज्या)
बाजू OP ≅ बाजू OP … (सामाईक बाजू)
बाजू PA ≅ बाजू PB
∴ ∆OPA ≅ ∆OPB … (बाबाबा कसोटी)
∴ बाजू PA ≅ बाजू PB … (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)

तिसरी ओळ पाहा. जे सिद्ध करायचंय तेच तिने मध्ये गृहीत धरून वापरलं आणि शेवटी सिद्ध झालं म्हणून लिहिलं. शिवाय लंब दिलाय, म्हणजे P जवळचे दोन्ही कोन ९० अंशांचे आहेत, ही मुख्य गोष्ट पूर्ण सिद्धतेत कुठेच आली नाही. तिसऱ्या ओळीत ∠OPA = ∠OPB = ९०° (पक्ष) असं असतं आणि चौथ्या ओळीत कर्णभुजा कसोटी असती, तर तीनही गुण मिळाले असते. मिळाला एक.

आता हीच मुलगी घरी एकटीने ही सिद्धता सोडवते आणि गाईडशी ताडून बघते, असं समजा. पहिल्या दोन ओळी जुळतात, त्रिकोण एकरूप झाल्याची ओळ जुळते, शेवटची ओळ तर शब्दशः जुळते. ती बरोबरची खूण करून पान उलटणार. शंकूच्या गणितात तसं होणार नाही, कारण तिथे उत्तरसूचीत ५५० छापलेलं असतं आणि हिचे ११०० येतात; चूक स्वतःहून ओरडते. पाठ्यपुस्तकामागच्या उत्तरसूचीत संख्या असतात, सिद्धता नसतात. घरचा अभ्यास कुठवर चालतो आणि कुठे अडतो त्याची सीमा हीच.

म्हणून तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. समजावून सांगणं ही गोष्ट आता जवळपास फुकट मिळते. बालभारतीच्या पुस्तकावर क्यूआर कोड आहे, दीक्षा ॲपवर धड्यांचे व्हिडिओ आहेत, यूट्यूबवर दहावीच्या जवळजवळ प्रत्येक सरावसंचातलं गणित कोणीतरी फळ्यावर सोडवून दाखवलेलं आहे. न कळलेले पाच गुण तिथून भरून येतील. बीजगणितात ३१ मिळवणाऱ्या मुलीला दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी हे पुस्तक आणि उत्तरसूचीवर बहुतेक जमेल. पण तिचे दहा गुण ज्या दारातून गेले, त्या दारावर यूट्यूब उभा राहत नाही. तिथे तिची वही वाचणारा माणूस लागतो.

आता क्लास. २४ हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २८,३२० रुपये. जून ते फेब्रुवारीमधून गणपती, दिवाळी, सहामाही आणि शाळेची पूर्वपरीक्षा वजा केली तर साधारण ३२ आठवडे हाती उरतात. आठवड्याला साडेसात तास धरले तर २४० तास, म्हणजे तासाला ११८ रुपये. सरांच्या ४००पुढे हा दर स्वस्त दिसतो आणि क्लासवाले तोच दाखवतात. पण ४५ मुलांच्या बॅचमध्ये नव्वद मिनिटं वाटली तर एकेकीच्या वाट्याला दोन मिनिटं येतात, तीही सरांनी त्या दिवशी फळ्याला हात लावला नाही तर. फळ्यावर सर सिद्धता लिहितात, ती सगळ्यांच्या वहीत बिनचूक उतरते. तिसऱ्या ओळीत आपण काय लिहिलं असतं, हे तपासायची वेळच मुलीवर येत नाही. वही सुंदर दिसते आणि चूक डोक्यात तशीच राहते.

क्लासचा दुसरा खर्च पावतीवर नसतो. शाळा सुटून घरी यायला साडेपाच, क्लास सहा ते साडेसात, परत येऊन जेवेपर्यंत साडेआठ. स्वतः सोडवण्यासाठी उरतो तास, तोही डोळ्यांवर झोप घेऊन, आणि त्याच तासात बाकीचे विषय. दहावीच्या भूमितीत ऐकून गुण वाढत नाहीत, लिहून वाढतात. आणि क्लास नेमका लिहायचा वेळ खातो. मराठी माध्यमासाठी आणखी एक गोष्ट विचारून घ्या: बॅच कोणत्या माध्यमाची आहे? बऱ्याच गावांत बॅच सेमी-इंग्रजीची असते आणि मराठीची चार-सहा मुलं तिच्यात बसवतात. मग मुलगी क्लासमध्ये 'सिमिलॅरिटी' ऐकते आणि पेपरात 'समरूपता' वाचते. गणित येत असूनही कारणाची ओळ मराठीत लिहिताना अडखळते, आणि तुमच्या मुलीचे तीन गुण याच कारणांच्या ओळींत गेलेत.

क्लासची खरी कमाई शिस्तीत आहे, हे मान्य करायला हवं. सहा वाजले की उठून जावंच लागतं, धडा पुढे सरकतोच, शेजारची मुलगी सोडवत असते. घरी कोणीच नसतं किंवा घरात बसायला जागा नसती, तर मी तुम्हाला क्लासच सांगितला असता, मात्र ४५चा नव्हे, दहा-पंधरा मुलांचा. पण तुम्ही दिवसभर घरी असता. तुमची मशीन ज्या खोलीत चालते त्याच खोलीत तिचं टेबल ठेवलं, तर २८ हजारांची शिस्त तुमच्याकडे आधीच आहे. ती वापरायची कशी, ते पुढे सांगते.

घरी येणारे सर: ४०० रुपये, आठवड्याला तीन तास, ३२ आठवडे म्हणजे ३८,४०० रुपये, ९६ तासांचे. तिघांत सगळ्यात महाग, आणि वही वाचायला माणूस मात्र इथे नक्की मिळतो. तरी तीन दिवस घेऊ नका. खर्च हे एक कारण आहेच. दुसरं असं की तीन दिवस येणारे सर हळूहळू गृहपाठ समोर बसवून सोडवून घ्यायला लागतात. मुलगी अडली की ते बोलतात, तिला बोट दिसतं, ती पुढे जाते. "सर असले की येतं, पेपरात येत नाही" ही तक्रार तिथून सुरू होते. हे तुम्हाला गणित न येताही ओळखता येईल: सरांच्या दोन फेऱ्यांमधली वहीची पानं बघा. तारखा फक्त सर आले त्या दिवसांच्या असतील, मधली पानं कोरी असतील, तर मुलगी सरांशिवाय पेन उचलत नाहीये.

तेव्हा माझं मत असं: क्लास नको, सर आठवड्याला एकच तास, आणि बाकी सगळं घरी. सर एका तासासाठी यायला कुरकुर करतील, कदाचित ५०० मागतील. द्या. १६ हजार झाले. प्रश्नसंच, वह्या, झेरॉक्स मिळून आणखी दोन हजार धरा. म्हणजे १८ हजारांत काम होतं, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक रुपया वही तपासण्यावर जातो.

पण सर निवडताना 'डेमो' म्हणून त्यांना शिकवायला लावू नका. शिकवणं सगळ्यांचं छान वाटतं. वर दिलेली सिद्धता, मुलीच्या अक्षरात, त्यांच्या हातात द्या आणि ते काय करतात ते बघत बसा. काही जण शेवटची ओळ पाहून 'बरोबर' म्हणतील. त्यांना चहा देऊन निरोप द्या. काही जण चूक ओळखतील आणि लगेच पेन घेऊन पूर्ण सिद्धता स्वतः लिहून देतील. ज्ञान आहे, पण मुलगी पुन्हा उतरवूनच घेणार. तुम्हाला हवेत असे सर, जे तिसऱ्या ओळीपाशी नुसता ठिपका देतील आणि विचारतील, "हे तुला कुठून मिळालं?" आणि तिने उत्तर देईपर्यंत गप्प बसतील. ही गप्प बसायची दोन मिनिटं दहावीच्या भूमितीत सगळ्यात महाग असतात.

सरांच्या त्या एका तासाची वाटणीही आधीच ठरवून घ्या, नाहीतर तो नवा धडा शिकवण्यात जाईल. पहिली २० मिनिटं आठवड्यात तिने लिहिलेल्या सिद्धता आणि रचना वाचायच्या, चुकलेल्या ओळीपाशी ठिपका द्यायचा, दुरुस्ती तिने करायची. पुढची २५ मिनिटं तिने वहीत खूण करून ठेवलेल्या अडचणी. खूण नसेल तर त्या विषयाला हात लावायचा नाही. शेवटची १५ मिनिटं मागच्या आठवड्यात जी सिद्धता चुकली, ती कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून पुन्हा. हा शेवटचा भाग सर सोडून देतात, कारण तो कंटाळवाणा असतो. तो सोडू देऊ नका. ठिपका दिलेली चूक सुधारली की नाही हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

फी महिन्याच्या शेवटी, झालेल्या तासांची द्या. कॅलेंडरवर प्रत्येक तासाची सही घ्या. वर्षाची फी आगाऊ दिली की दिवाळीनंतर तास पातळ होतात, हा अनुभव घरोघरचा आहे.

घरचा अभ्यास म्हणजे काय, तेही नेमकं सांगते, कारण 'सेल्फ स्टडी' या नावाखाली मुलं बहुतेक वेळा वाचन करतात. गणिताला रोज ४५ मिनिटं, विज्ञानाला अर्धा तास, संध्याकाळी एकाच ठरलेल्या वेळी. पुस्तकातलं सोडवून दाखवलेलं उदाहरण आधी वाचायचं, मग कागदाने झाकून स्वतः सोडवायचं, आणि ते जमल्यावरच सरावसंचाला हात लावायचा. संच सोडवून झाला की उत्तरसूचीशी ताडायचं. चुकलेल्या गणिताचा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी अभ्यासाची सुरुवात त्या गणितापासून, कालचं पान न बघता. प्रकरण संपलं की संकीर्ण प्रश्नसंग्रह. तो गाळायची फार सवय असते आणि पेपरात तसलेच प्रश्न समोर येतात. गाईड घरात असू द्या, पण ते तुमच्या कपाटात. सोडवून झाल्यावर बघायला मागितलं तर द्यायचं.

यात तुमचं काम गणिताचं नाही. रोज रात्री वही उघडायची आणि तीन गोष्टी बघायच्या: आजची तारीख आहे का, गणितांपुढे उत्तरसूचीशी ताडल्याची खूण आहे का, आणि शेवटच्या पानावरच्या कालच्या क्रमांकांवर आज रेघ मारली गेली का. तीनही असलं तर सही. सातवीपर्यंतचं गणित याला पुरून उरतं. एक सावधगिरी मात्र ठेवा. वेळापत्रक दर पंधरा दिवसांनी नव्याने आखलं जात असेल, टिपणं तीन रंगांच्या पेनांनी सजत असतील आणि शेवटच्या पानावर एकही क्रमांक नसेल, तर अभ्यास चाललाय असं समजू नका. एकही गणित न चुकणारी मुलगी सोपंच सोडवत असते किंवा उत्तर बघून सोडवत असते.

बोर्डाच्या पेपराचा आराखडा एकदा नजरेखालून घाला, म्हणजे सिद्धतांवर एवढा भर का ते दिसेल. भूमितीचा पेपर, म्हणजे गणित भाग २, ४० गुणांचा, वेळ दोन तास. पहिल्या प्रश्नाचे आठ गुण एकेका गुणाचे, दुसऱ्याचे बारा गुण दोन-दोन गुणांच्या प्रश्नांचे, त्यात चौकटी भरून 'कृती पूर्ण करा' हाही प्रकार आला. उरलेले २० गुण तीन आणि चार गुणांच्या प्रश्नांना. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, कोनदुभाजकाचं प्रमेय, पायथागोरसचं प्रमेय, आंतरलिखित कोनाचं, चक्रीय चौकोनाचं, स्पर्शिकाखंडाचं, ही सगळी आणि त्यांवर बेतलेली गणितं प्रामुख्याने याच भागात येतात. म्हणजे अर्धा पेपर असा आहे, जिथे शेवटचं उत्तर बरोबर येऊनही गुण जाऊ शकतात. बीजगणितात हा धोका कमी, म्हणूनच तिथे तिचे ३१ आणि इथे २२.

दिवाळीपर्यंत दर रविवारी २० गुणांचा अर्धा पेपर एका तासात सोडवू द्या. दिवाळीनंतर पूर्ण ४० गुणांचा, दोन तासांत, आळीपाळीने बीजगणित, भूमिती, विज्ञान भाग १ आणि भाग २. फोन दुसऱ्या खोलीत, घड्याळ टेबलावर, आणि दोन तास संपले की लिहिणं अर्धवट असलं तरी पेपर काढून घ्यायचा. हे काढून घेणं आईबापांना जमत नाही, 'पाच मिनिटं दे' होतं, आणि मग वेळेअभावी किती गुण जातात ते पूर्वपरीक्षेपर्यंत कळतच नाही. पेपर तपासायला सरांना द्यायचा, आणि तपासताना प्रत्येक गेलेल्या गुणापुढे तीनपैकी एक अक्षर लिहायला सांगायचं: 'न' म्हणजे आलंच नाही, 'चु' म्हणजे येत होतं पण चुकलं किंवा नीट लिहिलं नाही, 'वे' म्हणजे वेळ पुरला नाही. आज मी तुमच्या फोटोंवर हेच केलं: 'न' पाच, 'चु' तेरा, 'वे' शून्य.

विज्ञानाला वेगळा माणूस नको. त्यातली उदाहरणं संख्येची असतात, ती पुस्तकाशी ताडून कळतात; 'शास्त्रीय कारणे लिहा' आणि 'फरक स्पष्ट करा' यांची उत्तरं पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांशी मिळवून बघता येतात. आकृतीला नावं दिलीत का एवढं मात्र तुम्हीच बघा, त्यासाठी विज्ञान यावं लागत नाही.

शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना विसरू नका. आठवड्याला एक लिहिलेली सिद्धता मधल्या सुट्टीत दाखवली तर बहुतेक शिक्षक दोन मिनिटं देतात. पाच नेल्या तर देणार नाहीत. शनिवारी सर यायच्या आधी बुधवारी एक तपासून मिळाली, तर चुकीची ओळ हाताला वळण पडण्याआधीच सापडते, आणि त्याला खर्च शून्य.

हे सगळं ठरवूनही ते चालतंय की नाही, हे नोव्हेंबरमध्ये पुन्हा बघायचं. तोपर्यंत भूमितीचे निदान चार अर्धे पेपर झालेले असतील. त्यांत 'चु' कमी होत असेल, म्हणजे २० पैकी सहा-सात जात होते ते तीनवर आले असतील, तर काही बदलू नका. 'चु' तसाच असेल तर दोष बहुधा शेवटच्या १५ मिनिटांत आहे. सर पुन्हा लिहून घेत नसतील. त्यांना तसं स्पष्ट सांगा, महिनाभर बघा, नाहीतर सर बदला. 'न' वाढत असेल, विशेषतः वर्तुळ आणि समरूपतेत, तर मग सरांचे तास दोन करा, पण फक्त जानेवारीपर्यंत. 'वे' दिसायला लागला तर सर किंवा क्लास कोणीच उपयोगाचे नाहीत, रविवारचे पेपर आठवड्याला दोन करा. आणि तुमच्या रात्रीच्या सह्यांमध्ये सलग तीन आठवडे भोकं पडली असतील, तुम्ही लग्नसराईच्या शिलाईत बुडालात किंवा मुलीने बसणंच सोडलं, तर घरची शिस्त मोडली हे मान्य करून जवळची दहा-पंधरा मुलांची शिकवणी बघा. शनिवारचे सर तेव्हाही सोडू नका.

त्या सुमाराला क्लासवाले 'टेस्ट सिरीज' घेऊन येतील: फक्त पेपर द्यायला या, फी थोडी. ती घ्यायला हरकत नाही, पण पैसे देण्याआधी मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा तपासलेला भूमितीचा पेपर दाखवा म्हणावं. त्यात चुकलेल्या ओळीवर खूण असेल आणि पेपर आठवड्याच्या आत परत मिळत असेल तर घ्या. पानावर नुसती बरोबरची चिन्हं आणि कोपऱ्यात एकूण गुणांचा आकडा असेल, तर तेवढं बोर्डही करतंच, तेही परीक्षा झाल्यावर. ते पैसे सरांच्या जानेवारीतल्या जादा तासांना ठेवा.